अकरा एकतीसची नोंद

बरीच वर्षं झाली. मालवण तालुक्यातल्या एका केंद्रावर मी दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक होतो. आमच्या वर्गात प्रश्नपत्रिका चौदा मिनिटं उशिरा आल्या. कारण साधंच होतं. पाकिटात दोन प्रती कमी निघाल्या, आणि त्या आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत कुणालाच वाटायच्या नाहीत असं ठरलं. पुढे केंद्र संचालक दारात येऊन म्हणाले, "या वर्गाला दहा मिनिटं वाढवून दिलीत." मुलांनी माना डोलावल्या. खाडीपलीकडच्या वाडीतून येणारी एक मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माका ह्यो टायम नको. माजी एष्टी चुकतली." नेहमीची घंटा झाली तेव्हा तिच्यासह चारजणांनी उत्तरपत्रिका देऊन टाकल्या. त्यातल्या दोघांचे शेवटचे प्रश्न कोरे होते.

त्या दिवशी मला ते वेळेचं औदार्य वाटलं होतं आणि मुलांचा हट्ट वाटला होता. आज हिशेब वेगळा दिसतो. चौदा मिनिटं गेली आणि दहा परत आली, ही पहिली चूक. त्या चौदा मिनिटांची नोंद कुठेच झाली नाही, ही दुसरी आणि मोठी चूक. ती दहा मिनिटं 'दिली' असं आम्ही म्हणत होतो, पण ती आमची नव्हतीच. परीक्षा अकराला सुरू होऊन दोनला संपते असं आपण म्हणतो, तरी मंडळाने मुलाला कबूल केलेली गोष्ट दोनची घंटा नसते. प्रश्नपत्रिका हातात असलेले तीन तास कबूल केलेले असतात. प्रश्नपत्रिका चौदा मिनिटांनी आली तर तीन तासांची ती खिडकीच चौदा मिनिटं पुढे सरकते. त्यात बक्षीस काही नाही. हे एकदा मान्य केलं की किती वेळ द्यायचा हा प्रश्न दयेचा उरत नाही, वजाबाकीचा होतो.

वजाबाकी सोपी असली तरी ती कुठून कुठपर्यंत करायची इथे सगळे अडखळतात. त्यात २०२३ पासून एक नवी गफलत शिरली आहे. त्याआधी काही वर्षं दहावी-बारावीला प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी, म्हणजे १० वाजून ५० मिनिटांनी, नुसती वाचायला मिळत असे. त्या दहा मिनिटांत मोबाइलवरून प्रश्न बाहेर जाऊ लागल्यावर मंडळाने ती सोय बंद केली. आता प्रश्नपत्रिका अकराला मिळते आणि वाचनाची दहा मिनिटं शेवटी जोडलेली असतात. तीन तासांचा पेपर २ वाजून १० मिनिटांनी सुटतो. हा बदल शहाणपणाचा होता. पण शेवटी लागलेल्या त्या दहा मिनिटांकडे काही केंद्रं शिलकीसारखी बघतात. वाटप ११ वाजून ८ मिनिटांनी झालं तर "अरे, दहा मिनिटं जास्तीची आहेतच की!" असं ऐकू येतं. ती जास्तीची नाहीत. ती सकाळी १०.५० ला मिळणारीच दहा मिनिटं, फक्त जागा बदललेली. आठ मिनिटं उशीर झाला असेल तर पेपर २.१८ लाच सुटला पाहिजे. एरवी मुलाच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखं होतं, आणि दोन्ही खिसे त्याचेच.

मोजमाप कधी सुरू करायचं याला एक साधी कसोटी मी लावतो. वर्गातल्या शेवटच्या मुलाच्या हातात योग्य प्रश्नपत्रिका कधी पडली? पाकीट कधी फोडलं याला महत्त्व नाही. केंद्र संचालकांना उशीर कधी कळला यालाही नाही. पंचवीस जणांच्या वर्गात वाटप व्हायला नीट केलं तर दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यासाठी कुणी भांडत नाही. पण पहिल्या बाकाला ११.०२ ला आणि शेवटच्या बाकाला ११.१५ ला मिळालं असेल तर वर्गाची वेळ शेवटच्या बाकापासून मोजावी. पहिल्या बाकावरच्याला थोडा फायदा होईल, होऊ दे. पंचवीस मुलांना पंचवीस वेगवेगळ्या घंटा देता येत नाहीत, आणि चूक करायचीच तर ती मुलाच्या बाजूने व्हावी.

हे बाकाबाकाचं अंतर सगळ्यात ठळक दिसतं ते पदवीच्या परीक्षांत. सिंधुदुर्गातली बहुतेक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आता छापील गठ्ठ्यातून येत नाही. ती संगणकावर येते, महाविद्यालयात उतरवून घ्यायची, छापायची आणि प्रती काढायच्या. किनाऱ्यावर वीज गेली, नेट रेंगाळलं किंवा झेरॉक्सच्या यंत्रात कागद अडकला की उशीर तिथेच जन्माला येतो. मग प्रती गरम-गरम, दहा-दहाच्या चळतीने वर्गात येतात. एका वर्गाला अकराला, शेजारच्याला पंचवीस मिनिटांनी. इथे 'सगळ्या केंद्राला पंधरा मिनिटं' असा एकच हुकूम काढणं म्हणजे एका वर्गाला फुकट देणं आणि दुसऱ्याचं कापणं. वेळ वर्गागणिकच द्यावी लागते.

आता चुकीच्या प्रश्नपत्रिकेकडे येतो. उशीर सगळ्यांना दिसतो. चुकीची प्रश्नपत्रिका मात्र कधी कधी अर्धा तास कुणालाच दिसत नाही, अगदी ज्याच्या हातात आहे त्यालाही. दहावीला याची सगळ्यात सुपीक जागा म्हणजे हिंदी आणि संस्कृतचे दिवस. संपूर्ण हिंदीचं पुस्तक 'लोकभारती', संयुक्त हिंदीचं 'लोकवाणी'. संपूर्ण संस्कृतचं 'आमोद', संयुक्तचं 'आनंद'. नावं अशी की घाईत डोळा घसरतोच. संपूर्णची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची, संयुक्तची ४० गुणांची आणि दोन तासांची. दोन्ही प्रकारची मुलं एकाच वर्गात बसलेली असू शकतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर वेळ आणि एकूण गुण छापलेले असतात. "वेळ दोन तास, गुण चाळीस, सगळ्यांनी बघा" एवढं पर्यवेक्षकाने मोठ्याने म्हटलं तर निम्मे घोटाळे पहिल्या मिनिटातच संपतात. पण त्या वेळी पर्यवेक्षक बहुधा बारकोडचे स्टिकर आणि हजेरीच्या सह्या यांत गुंतलेला असतो.

समजा संयुक्त हिंदीच्या एका मुलीला अकराला संपूर्ण हिंदीची प्रश्नपत्रिका मिळाली. धडे ओळखीचे वाटेनात तेव्हा तिला आधी वाटलं, आपलाच अभ्यास कमी पडला. ही मुलांची पहिली प्रतिक्रिया असते आणि ती फार महागात पडते, कारण त्यामुळे हात वर व्हायला वेळ लागतो. न पाहिलेल्या उताऱ्याची तिने दीड पान उत्तरं लिहिली. ११.२५ ला तिने हात वर केला. पर्यवेक्षकाने बघितलं, केंद्र संचालकांना बोलावलं, शेजारच्या वर्गातून संयुक्तची जादा प्रत आणली. ११.३१ ला योग्य प्रश्नपत्रिका तिच्या हातात पडली.

तिला किती वेळ द्यायचा? मी असे प्रसंग पाहिले आहेत आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं: सहा मिनिटं. ११.२५ ते ११.३१. म्हणजे तक्रार केल्यापासूनचा वेळ आपला आणि त्याआधीचा तिचा. "तिने आधी का नाही सांगितलं?" असंही वर विचारलं जातं. पण चुकीचा कागद तिने उचलला नव्हता, तिच्या हातात दिला गेला होता. तिची खिडकी ११.३१ ला उघडली. संयुक्तचा पेपर एरवी १.१० ला सुटतो, तर तिचा १.४१ ला सुटला पाहिजे. दीड पान लिहिलं त्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहावं, पर्यवेक्षकाने सही करावी आणि पुढच्या पानापासून सुरुवात करू द्यावी. मूळ उत्तरपत्रिका बदलून देण्याच्या भानगडीत पडू नये. तिच्यावर स्टिकर चिकटलेला असतो, बैठक क्रमांक त्या पुस्तिकेशी बांधलेला असतो. पानं कमी पडली तर पुरवणी आहे.

१.४१ पर्यंत तिला थांबवणं सोपं आहे, कारण संपूर्णची मुलं २.१० पर्यंत वर्गात लिहीतच असतात. आता हाच घोटाळा उलटा करून बघा. संपूर्णच्या मुलाला संयुक्तचा कागद गेला आणि ११.३१ ला चूक सुधारली. त्याचा पेपर २.४१ ला सुटणार. त्या दिवशी दुसरं सत्र असेल तर तीनच्या पेपरची मुलं अडीचला वर्गाबाहेर उभी असतात. वाढीव वेळेला इथे खरी भिंत लागते. केंद्रावर एक खोली अशा प्रसंगासाठी मोकळी ठेवली असेल तर ती भिंत ओलांडता येते. मुलाला २.१० ला उत्तरपत्रिकेसह तिथे हलवायचं, सोबत एक पर्यवेक्षक द्यायचा. हलवताना गेलेली दोन-तीन मिनिटंही मोजायची. व्हरांड्यात सुटलेली मुलं उत्तरांची चर्चा करत असतात, त्यामुळे खोली शक्य तितकी लांबची असावी. नाहीतर वाढवलेल्या वेळेबरोबर त्याला उत्तरंही मिळतात, आणि मग न्यायाचाच घोटाळा होतो.

आणि घाबरण्याचं काय? अर्धा तास चुकीच्या कागदाशी झुंजलेली ती मुलगी योग्य कागद मिळाल्यावर शांत डोक्याने लिहील का? नाही लिहिणार. पण त्या थरथरीचं मोजमाप कुणाकडेच नाही आणि घड्याळाने ते भरून निघणारही नाही. तिथे मी हात टेकतो. मिनिटाला मिनिट एवढंच परीक्षेच्या खोलीला झेपतं.

एका प्रकारात वेळ अजिबात कामाची नाही, तोही सांगून ठेवतो. चुकून हातात पडलेली प्रश्नपत्रिका त्याच दिवशीच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाची असेल तर परत घेता येते. ती पुढच्या एखाद्या दिवशीच्या विषयाची असेल तर परत घेऊन काही होत नाही, कारण ती वाचली गेलेली असते. मग प्रश्न त्या वर्गाचा राहत नाही, सगळ्या राज्याचा होतो.

तर मग इतकी साधी वजाबाकी करायला केंद्र संचालक का कचरतात? माझ्या मते कारण नियमांत नाही, कागदात आहे. वाढवून दिलेली वेळ लिहायची म्हणजे उशीर झाला हे लिहायचं. उशीर लिहिला की खुलासा आला. त्यापेक्षा "थोडं ॲडजस्ट करू" हे बरं. दुसरं कारण म्हणजे रत्नागिरीला फोन लावायचा की नाही ही धाकधूक. कोकण विभागीय मंडळाचं कार्यालय तिथे आहे. वर विचारायला हवंच, कळवायलाही हवं. पण फोन लागेपर्यंत आणि उत्तर येईपर्यंत मुलाच्या पुढ्यात कागद असला पाहिजे आणि फळ्यावर नवी वेळ लिहिलेली असली पाहिजे. परवानगी येण्यात वीस मिनिटं गेली आणि मुलाला पेपर कधी सुटणार हे ठाऊकच नसलं तर तो जुन्या वेळेच्या हिशेबाने धावत लिहितो. नंतर मिळालेली वेळ मग त्याला नुसती बसून काढावी लागते. शेवटच्या पाच मिनिटांत जाहीर केलेली वाढीव वेळ निम्मी वाया जाते.

खोलीत न दिलेली वेळ पुढे कुठे जाते हे पाहायचं असेल तर सोलापूरचं प्रकरण बघावं. १२ सप्टेंबर २०२१ ला नीटची परीक्षा झाली. तिथल्या एका केंद्रावर काही मुलांच्या हातात प्रश्नपुस्तिका एका संकेतांकाची आणि उत्तरपत्रिका दुसऱ्या संकेतांकाची पडली. नीटमध्ये हे दोन्ही जुळावेच लागतात, कारण यंत्र उत्तरं त्या संकेतांकाने तपासतं. चूक तिथेच लक्षात आणून दिली तरी दाद मिळाली नाही, असं मुलांचं म्हणणं होतं. दोघे मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २० ऑक्टोबरला त्या दोघांची परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितलं. पण तेवढ्यासाठी पंधरा लाखांहून अधिक मुलांचा निकाल अडला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला निकाल लावायची मुभा दिली आणि १२ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाचा आदेशच रद्द केला. दोघांसाठी फेरपरीक्षा घेतली तर तो पायंडा पडेल, हा त्यातला मुख्य विचार. मुलांबद्दल सहानुभूती होती, पण उपाय नव्हता. त्या १२ तारखेच्या दुपारी खोलीतल्या माणसाला पुस्तिका बदलून देऊन घड्याळ पुढे सरकवता आलं असतं. दोन महिन्यांनी दिल्लीत तो अधिकार कुणाकडेच उरला नव्हता.

दुसरा मार्ग म्हणजे गेलेल्या वेळेचे गुण करणं. २०२४ च्या नीटमध्ये ते झालं. ५ मेच्या परीक्षेत देशातल्या सहा केंद्रांवर वेळ वाया गेला, तेव्हा राष्ट्रीय चाचणी संस्थेने १५६३ मुलांना भरपाईचे गुण दिले. त्यासाठी २०१८ च्या क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेचं सूत्र उचललं, ज्याला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली होती. सूत्राचा गाभा असा: मुलाने प्रत्यक्ष मिळालेल्या वेळात ज्या गतीने बरोबर आणि चूक उत्तरं दिली, त्याच गतीने तो गेलेल्या वेळातही देत राहिला असता असं धरायचं. नीट तेव्हा २०० मिनिटांची होती, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. एका मुलाची २५ मिनिटं गेली, उरलेल्या १७५ मिनिटांत त्याची १२६ उत्तरं बरोबर आणि २१ चूक आली असं समजू. मिनिटाला ०.७२ बरोबर, ०.१२ चूक. २५ मिनिटांत १८ बरोबर आणि ३ चूक. ७२ वजा ३, म्हणजे ६९ गुण वाढले.

गणित स्वच्छ आहे, पण खरी परीक्षा तशी चालत नाही. प्रत्येक मिनिट सारखं आहे असं हे सूत्र मानतं. हुशार मूल सोपे प्रश्न आधी उरकतं आणि गुंतागुंतीचे शेवटी ठेवतं. त्याची शेवटची पंचवीस मिनिटं सुरुवातीच्या वेगाने जात नाहीत. शिवाय क्लॅट संगणकावर झाली होती, तिथे कोणत्या क्षणी काय टिपलं गेलं याची नोंद यंत्रात होती. नीट कागदावरची. नेमकी किती मिनिटं गेली हे तिथे केंद्राच्या अहवालावरून आणि चित्रीकरणावरून शोधावं लागलं. भरपाईनंतरचे गुण उणे २० पासून ७२० पर्यंत पसरलेले होते. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या ६७ जणांत सहाजण या भरपाईने तिथे पोचले होते. गदारोळ झाला, आणि १३ जूनला ते गुण मागे घ्यायचं ठरलं. २३ जूनला फेरपरीक्षा झाली, तिला १५६३ पैकी ८१३ जणच बसले. दिलेले गुण काढून घेतले, काढून घेतल्यावर पुन्हा परीक्षा, आणि जवळजवळ निम्म्यांना तीही नको. हे सगळं कशासाठी? त्या दुपारी घंटा थोडी उशिरा वाजवता आली असती.

गुणांनी भरपाई कधीच करू नये असं मी म्हणत नाही. २०२३ ला बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात काही प्रश्नांच्या जागी भलताच मजकूर छापला गेला आणि मंडळाने ६ गुण देण्याचं जाहीर केलं. ते योग्यच होतं, कारण ती चूक सावंतवाडीतल्या मुलाला जशी होती तशीच गोंदियातल्याला. सगळ्यांचं सारखं बुडालं तर गुण चालतात. उशीर मात्र एका वर्गाचा असतो, कधी एका बाकाचा. तिथे गुण वाटले की शेजारच्या वर्गाशी तुलना सुरू होते, आणि गुणांचं खरेखोटेपण कुणालाच सिद्ध करता येत नाही. वेळ दिली तर मूल स्वतः लिहितं. ते किती लिहील हे आपल्याला ठरवावं लागत नाही.

म्हणून नोंद महत्त्वाची. तिच्यासाठी नवा तक्ता छापायची गरज नाही. प्रश्नपत्रिकांचं पंचवीसचं पाकीट वर्गातच दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन फोडतात, ही पद्धत आता रुळली आहे. त्याच सह्यांच्या शेजारी वेळ लिहावी. वाटप पुरं झालं ती वेळ, चुकीची प्रश्नपत्रिका निघाली तर योग्य हातात आली ती वेळ, आणि पेपर सुटण्याची नवी वेळ. तीन आकडे, तेच फळ्यावर, भिंतीवरच्या एकाच घड्याळाप्रमाणे. पर्यवेक्षकाचं मनगट, शिपायाची घंटा आणि मुलांची घड्याळं यांत तीन-चार मिनिटांचा फरक असतोच, म्हणून घड्याळ कोणतं हेही सकाळीच सांगून टाकावं. पुढे कुणी विचारलं तर केंद्राला बचाव शोधावा लागत नाही. पाकीटच बोलतं.

राहिली एसटी. ती मुलगी हट्टी नव्हती. तिच्या वाडीला दुपारी एकच गाडी होती आणि पुढची संध्याकाळी. घरी कळवायला तिच्याकडे फोन नव्हता. वाढवलेली वेळ घेणं म्हणजे उपाशीपोटी चार तास स्टँडवर बसणं, हे ती दहा मिनिटं जाहीर करताना आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. पुढच्या वर्षीपासून एक गोष्ट मी केली. कुठल्याही वर्गाची वेळ वाढली की फळ्यावर नवी वेळ लिहून झाल्यावर आधी विचारायचो, "गाडी कुणाची आहे?" मग हात वर करणाऱ्यांची गावं टिपायची आणि शिपायाला स्टँडवर कंट्रोलरकडे पाठवायचं. कधी गाडी पाच-दहा मिनिटं थांबवली जायची, कधी नाही. थांबणार नसेल तर शाळेतला कुणीतरी मोटरसायकल काढायचा. ते मुलांना आधीच, पेपर चालू असतानाच, सांगून टाकायचो. त्यानंतर जुन्या घंटेला उठणारं मूल मला क्वचितच दिसलं.